कपाटाचं सरकतं दार अडतं, तेव्हा लगेच चाकं बदलू नका

सरकत्या दाराचं कपाट कुरकुरायला लागलं की मला फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "चाकं गेलीत, बदलून द्या." कधीकधी ती खरंच गेलेली असतात. पण नवी चाकं घालून पंधरा दिवस झाले आणि पुन्हा तोच आवाज, अशी कपाटंही मी पुष्कळ पाहिली आहेत. आवाज चाकापाशी येतो म्हणून दोषही चाकातच, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ट्रॅक वाकलेला असतो, फळी झोल खात असते, नाहीतर एखादा स्क्रू डोकं वर काढून बसलेला असतो, आणि बोल मात्र चाकाला लागतो.

म्हणून मी हत्यारांची पेटी उघडण्याआधी एकच गोष्ट शोधतो. दोष दाराबरोबर फिरतोय की कपाटात एका जागी बसून आहे? याचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. मात्र ते काढण्यासाठी आपल्या दाराचं वजन नक्की कशावर पडतं, हे आधी माहीत हवं.

वजन वर की खाली

सरकत्या दारांच्या दोन जाती. पहिलीत दार वरून टांगलेलं असतं. कपाटाच्या वरच्या फळीला खालून ट्रॅक ठोकलेला असतो, दाराच्या वरच्या दोन कोपऱ्यांना चाकं असतात आणि सगळं वजन त्या दोन चाकांवरून ट्रॅकवर आणि ट्रॅकवरून वरच्या फळीवर जातं. खाली फक्त एक प्लास्टिकचा गाइड असतो. तो वजन घेत नाही, दार पुढेमागे झुलू देत नाही एवढंच.

दुसरीत उलट. चाकं दाराच्या खालच्या कोपऱ्यांत, ट्रॅक तळाच्या फळीवर, आणि वर नुसता गाइड. वजन तळावर आणि तिथून जमिनीवर.

आपलं दार कुठल्या जातीचं, हे ओळखायला एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड पुरतं. दाराखालच्या फटीत ते घालून एका टोकाकडून दुसऱ्याकडे न्यायचं. टांगत्या दाराखालून ते सरसर जातं, फक्त गाइडपाशी अडतं. खाली चालणाऱ्या दारात ते दोन्ही कोपऱ्यांजवळ चाकांवर आपटतं.

फरक फक्त चाकांच्या जागेचा वाटतो, पण दोघांचा स्वभावच वेगळा आहे. टांगतं दार ओळंब्यासारखं असतं. वजन खाली लोंबतंय, त्यामुळे ते पुढेमागे कललं तरी आपणहून सरळ होतं, आणि खालच्या गाइडला फारसं काही करावं लागत नाही. खाली चालणारं दार म्हणजे तळहातावर उभी धरलेली काठी. ती पडायलाच बघते. वरचा गाइड तिला सतत आवरून धरत असतो, म्हणून त्याची झीज आणि त्याची कुरकुर जास्त. याच्या बदल्यात खाली चालणाऱ्या दाराला जमिनीचा आधार असतो आणि जमीन वाकत नाही. टांगत्या दाराचा सगळा भरवसा एका फळीवर, आणि फळी वाकते.

वजनाचा अंदाज यावा म्हणून थोडा हिशोब. १ मीटर रुंद, २ मीटर उंच, १८ मिलिमीटर प्लायचं दार घेतलं तर ते साधारण २३ किलोचं होतं. त्यावर पूर्ण उंचीचा ४ मिलिमीटरचा आरसा लावला की आणखी २० किलो, कारण काच चौरस मीटरला आणि जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला अडीच किलो भरते. म्हणजे आरशाचं एक दार ४३ किलोचं. नंतर हौसेनं आरसा चिकटवून घेतलेल्या दाराची चाकं वर्षभरात का बसतात, ते यात आलं. चाकं साध्या दारासाठी निवडलेली होती आणि वजन जवळजवळ दुप्पट झालं.

आवाज कुठला, हे पट्टी लावून बघा

आता आवाज. कागदी चिकटपट्टीचा तुकडा दाराच्या कडेवर लावा आणि एक लांब पट्टी कपाटाच्या चौकटीवर, दाराच्या वाटेत आडवी लावा. दार अगदी हळू सरकवा. जिथे जिथे खट्ट होईल, तिथे दारावरची पट्टी जिथे आली असेल त्याच्या समोर चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारा. दोनदा तिकडून इकडे, दोनदा इकडून तिकडे.

रेघा दर वेळी त्याच एकदोन जागी पडल्या, तर दोष ट्रॅकमध्ये. आता रेघेच्या समोर नाही, त्या वेळी चाक जिथे होतं तिथे बघायचं, कारण चाक दाराच्या कोपऱ्यात असतं आणि तुमची पट्टी कडेला. तिथे बोट फिरवलं की बहुतेकदा कारण हाताला लागतं. पूर्ण न बसलेला स्क्रू असतो, ट्रॅकच्या दोन तुकड्यांचा सांधा असतो, किंवा कधीतरी काही जड पडून आलेला पोचा. स्क्रूचं डोकं अर्धा मिलिमीटर वर असलं तरी पुरे, त्यावरून ४३ किलो जात असतात. एक गंमत अशी की जागा एक असूनही रेघा दोन पडतात, चाकांमधल्या अंतराइतक्या लांब. पुढचं चाक जातं तेव्हा एक, मागचं जातं तेव्हा दुसरी. तसं दिसलं तर ट्रॅकबद्दल शंकाच ठेवू नका.

रेघा सारख्या अंतरानं पडत गेल्या, खट्ट खट्ट खट्ट, आणि दार कुठूनही सुरू केलं तरी तेच अंतर, तर दोष दाराबरोबर फिरतोय, म्हणजे चाकात आहे. २५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा एक फेरा ७८ मिलिमीटरचा, साधारण चार बोटं. चार चार बोटांवर ठोका पडत असेल तर चाकाची एक बाजू चपटी झाली आहे. नायलॉनचं चाक महिनोन् महिने एकाच जागी वजनाखाली उभं राहिलं की तिथे थोडं दबतं. त्याहून वाईट म्हणजे धुरा अडकून चाक फिरायचंच थांबतं आणि ट्रॅकवर नुसतं घासत जातं. मग ते एका बाजूनं कानशीनं घासल्यासारखं सपाट होतं. असं चाक बदलायलाच लागतं, पण ते का अडकलं हे न बघता बदललं तर नव्या चाकाचीही तीच गत होणार.

का अडकलं, याचं उत्तर खाली चालणाऱ्या दारांत दहापैकी आठदा एकच असतं, केस. खालचा ट्रॅक म्हणजे उघडी पन्हळ. केर काढताना जे झाडूच्या पुढे जातं ते तिच्यात मुक्काम करतं. मी चाक काढून हातात घेतो तेव्हा धुऱ्याभोवती केस, कपड्यांचे दोरे आणि धूळ यांची घट्ट गुंडाळी झालेली असते, करड्या रंगाची, नमद्यासारखी. ती कापायला पातळ पातं लागतं, बोटांनी सुटत नाही. एकदा एका चाकातून ती काढली तर आत मुलीच्या फ्रॉकचा एक गुलाबी मणी निघाला, अर्धा झिजलेला. काकू म्हणाल्या, "अहो, हा तर दोन वर्षांपूर्वी हरवलेला!"

गुंडाळी काढल्यावर चाक बोटानं फिरवून बघायचं. गरगर फिरत राहिलं आणि हळूच थांबलं तर ते वापरायला हरकत नाही. फिरताना आत वाळू असल्यासारखं करकरलं किंवा धुऱ्यावर आडवं डुगडुगलं तर बेअरिंग गेलं.

उरलेले आवाज कानाला वेगळे कळतात. बारीक चीं चीं येत असेल तर चाकाआधी धुळीसाठी लावलेली ब्रशची पट्टी आणि गाइड बघा, कोरडं घासण्याचा तो आवाज आहे. दार चालताना अख्खं कपाट घुमतं, तेव्हा आवाज बारीक खड्यांचा असतो आणि पाठीचा पातळ प्लाय तो ढोलकीसारखा मोठा करतो. ट्रॅक साफ केला की तो थांबतो. आणि टोकाला धाडकन आपटत असेल तर स्टॉपर सरकला आहे किंवा सॉफ्ट-क्लोजचा आकडा निसटला आहे. सॉफ्ट-क्लोजमध्ये स्प्रिंगवर ताणलेला एक आकडा टोकाजवळ येणाऱ्या दाराची वाट बघत असतो. दार फार जोरात ढकललं की तो वेळेआधी सुटतो, आणि मग पुढच्या वेळी दाराला पकडायला तिथे कोणी नसतं. बऱ्याच यंत्रणांत तो बोटानं मागे ओढून पुन्हा ताणून ठेवता येतो.

तेलाबद्दलही सांगून टाकतो, कारण मी पोहोचण्याआधी घरात ते घालून झालेलंच असतं. ट्रॅकमध्ये तेल ओतू नका. चाकानं फिरण्यासाठी त्याची ट्रॅकवर पकड बसावी लागते. तेलावर ते फिरण्याऐवजी घसरतं, आणि तेल व धूळ मिळून जी काळी चिखली होते ती धुऱ्यात शिरते. आधी दोन दिवस शांतता, मग पहिल्यापेक्षा वाईट. ट्रॅक कोरडा आणि स्वच्छ ठेवायचा. गाइड घासत असेल तिथे मेणबत्तीचा तुकडा किंवा सिलिकॉनचा हलका फवारा चालतो, कारण तिथे घसरणंच हवं असतं.

अडणं म्हणजे बहुतेकदा तिरकं होणं

आता दार अडण्याकडे येऊ. सपाट उंच दार दोन चाकांवर उभं असतं. त्यातलं एक चाक दुसऱ्यापेक्षा २ मिलिमीटर वर असलं, तर फरक डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पण चाकांमध्ये ९०० मिलिमीटर अंतर असेल आणि दार २ मीटर उंच असेल, तर वरच्या टोकाला दार साडेचार मिलिमीटर कलतं. बाजूच्या उभ्या फळीशी जी फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसायला हवी ती पाचरीसारखी होते, दाराचा एकच कोपरा टेकतो आणि कपाटाच्या कडेला घासायला लागतो.

हे दुरुस्त करायला प्रत्येक चाकाजवळ एक स्क्रू दिलेला असतो. तो फिरवला की दाराचा तो कोपरा वरखाली होतो. पाणसळ दाराच्या उभ्या कडेला लावायची, एक कोपरा अर्धा फेरा वर घ्यायचा, पुन्हा बघायचं. दहा मिनिटांचं काम, आणि घरी कुणीही करावं असं.

पण इथेच तो पहिला प्रश्न पुन्हा विचारायचा. दार कपाटाच्या डाव्या टोकाला, मधे आणि उजव्या टोकाला नेऊन तिन्ही ठिकाणी पाणसळ लावा. तिन्ही जागी कल एकाच बाजूला आणि सारखाच असेल, तर दोष दाराबरोबर फिरतोय. स्क्रू फिरवा, काम झालं. कल जागेप्रमाणे बदलत असेल तर ट्रॅकच सरळ नाही, आणि मग स्क्रू कितीही फिरवा, दार एका जागी सरळ होईल आणि दुसऱ्या जागी दुप्पट वाकडं.

याचंच एक कपाट सांगतो. टांगत्या दारांचं, आतून १९५० मिलिमीटर रुंद, दोन दारं प्रत्येकी १ मीटरची, मधे ५ सेंटिमीटर एकावर एक येणारी. दोन्ही दारांना आरसे. कपाटावर छतापर्यंत लॉफ्ट. तक्रार अशी की दार सरकवलं की मधल्या गाइडवर खर्र वाजतं आणि जोर लावावा लागतो. दोन जण येऊन गेले होते. पहिल्यानं चाकं बदलली आणि जाताना दारं बंद करून, पाणसळ लावून स्क्रूनं सरळ केली. बंद कपाट देखणं दिसायचं. पण डावं दार उजवीकडे सरकवलं की ते असं कलायचं की खालचा कोपरा उजव्या फळीवर आदळायचा आणि वर बोटभर फट. दुसऱ्यानं पुन्हा चाकं बदलली. यजमान म्हणाले, "दादा, आता तिसऱ्यांदा चाकं घ्यायची का?"

मी आधी त्या पहिल्या माणसानं केलेली जुळणी मोडली. दोन्ही चाकांचे स्क्रू सारख्या उंचीवर आणले. मग दारं बंद करून पाहिलं तर चित्र स्पष्ट झालं. डाव्या दाराचा वरचा भाग उजवीकडे झुकला होता, उजव्याचा डावीकडे. दोन माणसं डोकी जोडून कुजबुजत उभी असावीत तशी. दाराखालची फट बाहेरच्या कोपऱ्याशी ७ मिलिमीटर, कपाटाच्या मध्याकडच्या कोपऱ्याशी २. आणि तळाच्या फळीवर एकुलतं एक घासल्याचं जुनं व्रण, तेही बरोब्बर मधे.

मी डावं दार उजव्या टोकाला नेलं. आता त्याचा दुसरा कोपरा कपाटाच्या मध्याजवळ आला, आणि तोच खाली बसला. म्हणजे दाराचा अमुक कोपरा खाली नव्हता. कपाटाच्या मध्याजवळ जो येईल तो खाली जात होता. दोष जागेला चिकटून होता.

मग सुतळी घेतली. वरच्या फळीच्या पुढच्या कडेला दोन टोकांना खिळे, त्यांवर दोरी ताणून बांधलेली, आणि मध्यावर ती दोरी आणि फळी यांत किती फरक पडतो ते मोजलं. फळी मधे ५ मिलिमीटर खाली आली होती, सुतारी भाषेत दीड सूत. आता हिशोब जुळतो. दार बंद असताना एक चाक टोकाला, जिथे फळी जागेवर आहे, आणि दुसरं मधे, जिथे ती ५ मिलिमीटर खाली आहे. चाकांत ९०० मिलिमीटर अंतर, दार २ मीटरचं, म्हणजे वर ११ मिलिमीटरचा कल. पहिल्या माणसानं तो कल स्क्रूनं बंद जागी मिटवला, आणि उघड्या जागी तो २२ झाला. तीच ती बोटभर फट.

फळी का झुकली? कपाटाच्या आत मधोमध उभं पार्टिशन होतं, पण ते छातीच्या वर एका आडव्या कप्प्यापाशी संपत होतं. त्याच्यावर पांघरुणं ठेवायला एकसलग रुंद कप्पा हवा म्हणून तिथे मधली फळी दिलीच नव्हती. म्हणजे ज्या फळीवर दोन आरशांची दारं, ८६ किलो लोंबत होती, तिला पुढच्या बाजूला १९५० मिलिमीटरमध्ये एकही आधार नव्हता. मागची कड पाठीच्या प्लायला आणि भिंतीला धरून होती म्हणून एवढं तरी निभावलं. वरून लॉफ्टमध्ये गाद्या आणि पुस्तकांची दोन खोकी, तीही याच फळीवर.

लांबीचा इथे फार मोठा खेळ असतो. सारखं पसरलेलं वजन असताना आधारांमधलं अंतर निम्मं केलं तर फळीचा झोल निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. आणि फळीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट वाढतो, पण दोन थर एकमेकांना गोंदानं पक्के चिकटले असतील तरच. नुसते स्क्रूनं धरलेले दोन प्लाय एकमेकांवर घसरतात, आणि ताठपणा फार तर दुप्पट होतो.

काम असं केलं. लॉफ्ट रिकामा केला. तासाभरानं दोरी पुन्हा पाहिली तर ५ मिलिमीटरचे ३ झाले होते. म्हणजे दोन मिलिमीटर नुसत्या सामानाचे, बाकी काही दारांच्या वजनाचे आणि काही लाकडानं कायमचे धरलेले. दोघांनी मिळून दारं उतरवली. टांगत्या दाराला चाकापाशी एक अडसर असतो, दार उडी मारून ट्रॅकमधून सुटू नये म्हणून. तो आधी सोडायचा, मग दार किंचित वर उचलायचं. आरशाचं दार एकट्यानं उतरवायचं धाडस मी करत नाही. मग तळापासून एक टेकू लावून, खाली पाचर ठोकत ठोकत वरची फळी दोरीच्या बरोबरीला आणली. आणि त्या रुंद कप्प्यात, खालच्या पार्टिशनच्या अगदी डोक्यावर, मोजून कापलेला उभ्या प्लायचा एक तुकडा घट्ट बसवला. तुकडा पार्टिशनच्या रेषेतच हवा, नाहीतर तो आडव्या कप्प्याला वाकवेल आणि झोल एक मजला खाली उतरेल.

एवढ्यानं भागत नाही, आणि हे मलाही सुरुवातीच्या वर्षांत ठाऊक नव्हतं. सरकत्या कपाटात आतली पार्टिशनं पुढच्या कडेपर्यंत येऊच शकत नाहीत, कारण दोन दारांना जायला साधारण १० सेंटिमीटरची वाट सोडावी लागते. म्हणजे ट्रॅक आधाराच्या वर नसतो, आधाराच्या पुढे, गच्चीच्या सज्जासारखा बाहेर लोंबत असतो. म्हणून फळीच्या पुढच्या कडेला, लॉफ्टच्या आतल्या बाजूनं, पूर्ण लांबीची लोखंडी अँगल पट्टी गोंद आणि स्क्रूनं बसवली. मग टेकू काढला, दारं चढवली, तीच जुनी चाकं, म्हणजे दुसऱ्यानं बदललेली. खालची फट बाहेर ७ आणि मधे ६ मिलिमीटर. तो उरलेला एक मिलिमीटर स्क्रूनं दोन्हीकडे वाटून दिला.

हाच झोल खाली चालणाऱ्या दारात

तीच फळी तशीच झुकली आणि दारं खाली चालणारी असली, तर लक्षण अगदी वेगळं दिसतं. दार कलत नाही, कारण त्याची चाकं सरळ तळावर आहेत. पण वरचा गाइड फळीबरोबर खाली येतो आणि दाराच्या माथ्यावर बसतो. दार दोन्ही टोकांना मोकळं, मधे वरून दाबल्यासारखं घट्ट, आणि दाराच्या वरच्या कडेला घासल्याची रेघ. लोक खाली ट्रॅक घासत बसतात आणि अडचण डोक्यावर असते. फळीला उचलून आधार द्यायचा उपाय तोच. तोपर्यंत तात्पुरतं म्हणून दोन्ही चाकांचे स्क्रू फिरवून दार २ मिलिमीटर खाली उतरवता येतं, पण वरच्या गाइडमधून ते सुटणार नाही इतकी पकड उरली आहे ना, हे आधी बघायचं.

खाली चालणारं दार अडलं की जोर लावायचा मोह होतो, तो याच जातीत जास्त महागात पडतो. अडथळा खाली चाकापाशी असतो आणि आपण ढकलतो कमरेच्या उंचीवर. ४० किलोचं, ८०० मिलिमीटर अंतरावर चाकं असलेलं दार घ्या आणि समजा पुढचं चाक दोऱ्यांच्या गुंडाळीवर अडलंय. जमिनीपासून एक मीटर उंचीवर साधारण १६ किलोचा रेटा दिला की मागचं चाक ट्रॅकवरून उचललं जातं. मग ते बाजूला पडतं, ट्रॅकची ओठासारखी पातळ कड वाकवतं, आणि त्यानंतर साफसफाईनं भागत नाही. हलत नसेल तर दार मागे घ्या, आणि ढकलायचंच तर हात जितका खाली लावता येईल तितका लावा. अरुंद आणि उंच दारांत हे आणखी लवकर होतं, कारण चाकं जवळ जवळ येतात. दाराची उंची रुंदीच्या तिपटीच्या वर गेली की मला ते दार आवडत नाही, कुठल्याही ट्रॅकवर.

एक कारण मात्र ट्रॅक आणि चाक दोघांच्याही बाहेरचं आहे. दारच वाकलेलं असतं. प्लायला एका बाजूनं सनमायका आणि दुसऱ्या बाजूनं काहीच नाही, असं केलं की दोन्ही बाजू दमट हवेत सारख्या फुगत नाहीत आणि दार धनुष्यासारखं होतं. दोन दारांत मोकळी जागा सेंटिमीटरभरच असते, त्यामुळे ५ मिलिमीटरचा बाकसुद्धा पुढच्या दाराला घासतो. दाराच्या उभ्या कडेला दोरी ताणून बघितलं की ते लगेच कळतं, आणि हा दोष अर्थातच दाराबरोबर फिरतो. थोडा बाक असेल तर दाराच्या मागे उभा बसवायचा ताणदांडा मिळतो, त्याचा नट पिळून दार सरळ आणता येतं. जास्त असेल तर दारच नवं.

नवं कपाट करायचं असेल तर कुठली जात घ्यावी, असं सगळे विचारतात. दार हलकं असेल, वरची फळी छताला किंवा भक्कम बीमला धरता येत असेल आणि रोज केर ट्रॅकमध्ये जाणार असेल, तर टांगतं घ्या. खाली पन्हळ नाही, झाडू सरळ आत जातो, आणि चालही मऊ असते. जड आरसे हवे असतील, वर लॉफ्ट येणार असेल किंवा कपाट भिंतीला फारसं धरलेलं नसेल, तर मी खाली चालणारं सुचवतो आणि दर महिन्याला ट्रॅकमधून व्हॅक्युमचं नळकांडं फिरवायला सांगतो. टांगतंच हवं असा हट्ट असेल, तर सुताराला कागदावर एकच गोष्ट दाखवायला सांगा. वरच्या फळीखाली, पार्टिशनच्या रेषेत, वरच्या कप्प्यातसुद्धा उभा आधार काढलेला आहे का, आणि पुढच्या दहा सेंटिमीटरला तो काय देणार आहे.